वॉर्डनला अर्ज करताना वॅटचा आकडा कोणता लिहायचा

> "हॉस्टेलच्या खोलीत रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक चोवीस तास चालू ठेवायचा आहे. वॉर्डन म्हणतात लेखी अर्ज दे. त्यात नेमकं काय लिहू?"

मायना, तारीख, खोली क्रमांक वगैरे सोडून देतो. माझा अर्ज वॉर्डनकडे अडलाच नव्हता. त्यांनी तो अभिप्रायासाठी विजेचं बघणाऱ्या कार्यालयाकडे धाडला आणि तिथेच तो मुरला.

अर्जात मी ५ वॅट लिहिलं होतं. तिथल्या साहेबांनी अडॅप्टर उलटा करून बारीक अक्षरं वाचली: `INPUT 100-240V 0.5A`. २३० गुणिले ०.५, झाले ११५ वॅट. चोवीस तासांच्या हिशेबाने महिन्याला ८३ युनिट! "अर्जदाराने वीजवापर कमी दाखवला आहे" असा शेरा बसला. खरं तर तो अर्धा अँपिअर ही अडॅप्टर जास्तीत जास्त किती प्रवाह ओढेल याची वरची मर्यादा, तीही १०० व्होल्टची वीज धरून. रोजच्या वापराशी तिचा संबंध नाही. पण शेरा फाइलवर चढला की तो खोडायची जबाबदारी कुणीच घेत नाही. सगळं सत्र त्यात गेलं. असो.

म्हणून माझ्या मते लेबलवरचे आकडे लपवू नका, आपणच आधी समजावून सांगा. साधारण असं:

> विषय: खोलीत छोटा संगणक सतत चालू ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.
> अडॅप्टरची कमाल क्षमता ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर, म्हणजे सुमारे १५ वॅट आहे. प्रत्यक्ष मोजलेला वापर सरासरी ५ वॅट, म्हणजे महिन्याला ३.६ युनिट आहे. लेबलवरील ०.५ अँपिअर ही इनपुटची कमाल मर्यादा आहे, नेहमीचा वापर नव्हे. सुट्टीत घरी जाताना अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवीन.

यातले ५ वॅट माझे आहेत, तुमचे स्वतः मोजा. बाहेरची हार्ड डिस्क जोडली की आकडा वाढतो. प्लगमध्ये लावायचा वीजमापक कुणाकडून तरी मागून आणा. स्वस्त मापक इतक्या कमी वॅटला चुकतात, म्हणून क्षणिक आकड्यावर जाऊ नका. पूर्ण दिवस लावून ठेवा आणि युनिट वाचा. ०.१२ च्या आसपास आलं तर ५ वॅट बरोबर. त्या पडद्याचा आणि अडॅप्टरच्या लेबलचा फोटो अर्जाला जोडा.

"सर्व्हर" हा शब्द मात्र टाळाच. तो दिसला की कागद नेटवर्कवाल्यांकडेही जातो आणि दोन कार्यालयं एकमेकांच्या अभिप्रायाची वाट बघत बसतात. हॉस्टेलच्या नेटवर्कला जोडायचं असेल तर त्याची परवानगी नक्की घ्या, न विचारता जोडू नका, पण अर्ज वेगळा करा. तुमच्याकडचे नियम निराळे असू शकतात, नियमपुस्तिका आधी बघून घ्या.

आणि रूममेटला संगणक नीट बंद करायची `sudo poweroff` ही कमांड शिकवून ठेवा. आमच्याकडे तो थेट बटण बंद करायचा आणि मेमरी कार्ड खराब व्हायचं.