एका धड्याच्या तीन रिव्हिजन: कुठल्या वेळी काय आणि किती वेळ

प्रश्न: मी दहावीला आहे (स्टेट बोर्ड). विज्ञान भाग १ मधला ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ तीनदा वाचून झाला तरी टेस्टमध्ये आठवत नाही. सर म्हणतात तीन रिव्हिजन कर, पण प्रत्येक वेळी नक्की काय करायचं आणि किती वेळ द्यायचा?

उत्तर: मी बरीच वर्षं दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतेय आणि हाच धडा दरवर्षी घेते, त्यामुळे याच धड्यावर सांगते. तू तीनदा केलंस ते एकच काम आहे, वाचणं. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतंय असं वाटायला लागतं, पण पेपरात कोणी ओळखायला सांगत नाही, कोऱ्या कागदावर काढायला सांगतात. म्हणून तीन वेळा तीन वेगळी कामं करायची, आणि वेळ पण सारखा वाटायचा नाही. या धड्याला मी पहिल्यांदा ४० मिनिटं, दुसऱ्यांदा दीड तास आणि तिसऱ्यांदा २५ मिनिटं देते.

पहिली फेरी, ४० मिनिटं, पुस्तक उघडं. यात पाठ काहीच करायचं नाही, फक्त धडा कसा बांधलाय ते बघायचं. या धड्याचे सरळ तीन तुकडे पडतात: किरणाकृती आणि प्रतिमा कुठे पडते त्याचा तक्ता, मग चिन्हसंकेत-सूत्र-गणितं, आणि मग डोळा, दृष्टिदोष, सूक्ष्मदर्शी वगैरे. एका कागदाचे तीन भाग करून प्रत्येकात चार-पाच ओळी लिही, बस. हायलायटर बाजूला ठेव, कारण ते हातात आलं की ४० मिनिटांचे दोन तास होतात आणि पान रंगतं पण डोक्यात काही जात नाही. फेरी झाली की नाही हे कळायला एक प्रश्न स्वतःला विचार: बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू F आणि 2F च्या मधे ठेवली तर प्रतिमा कुठे? पुस्तक न बघता ‘2F च्या पलीकडे, उलटी, मोठी’ असं आलं तर पुढे जा. नाही आलं तर फक्त तो तक्ता अजून दहा मिनिटं बघ, सगळा धडा परत वाचू नकोस.

दुसरी फेरी लगेच नाही, एक दिवस मधे जाऊदे. पुस्तक बंद. ही खरी फेरी, म्हणून दीड तास, पण ४५-४५ मिनिटांच्या दोन बैठकांत. पहिल्या बैठकीत बहिर्वक्र भिंगाच्या सहाही स्थितींच्या आकृत्या आठवून काढ, एकीला तीन मिनिटं धरली तरी २० मिनिटांत होतात. उरलेल्या २५ मिनिटांत चार गणितं. दुसऱ्या बैठकीत निकटदृष्टिता आणि दूरदृष्टितेच्या आकृत्या, तीन-चार ‘शास्त्रीय कारणे लिहा’, आणि शेवटची २० मिनिटं पुस्तक उघडून लाल पेनाने तपासणी. ही २० मिनिटं कापायची नाहीत, मुलं नेमकी तीच कापतात.

यात काय सापडतं ते एका गणितावर दाखवते. नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर, प्रतिमा किती अंतरावर? सूत्र सगळ्यांना येतं:

```
1/v - 1/u = 1/f
```

माझ्या एका विद्यार्थिनीने u = 30 टाकलं, मग 1/v = 1/20 + 1/30 = 5/60, म्हणून v = 12 सेमी. आकडेमोड बरोबर, उत्तर चूक. चिन्हसंकेतानुसार वस्तू भिंगाच्या डावीकडे असते म्हणून u = -30, मग 1/v = 1/20 - 1/30 = 1/60, आणि v = 60 सेमी. विशालन v/u म्हणजे -2, प्रतिमा उलटी आणि दुप्पट. आता बघ, ती चूक तिची तिला तिथल्या तिथे पकडता आली असती. नाभी २० वर आहे, 2F ४० वर, वस्तू ३० वर म्हणजे दोघांच्या मधे, मग प्रतिमा ४० च्या पलीकडेच पडणार, १२ येऊच शकत नाही. म्हणून मी आकृत्या आधी काढायला लावते, गणिताचं उत्तर तपासायला त्याच उपयोगी पडतात.

दुसरी नेहमीची चूक भिंगाच्या शक्तीची. २० सेमी तसेच ठेवून १/२० करतात आणि ०.०५ लिहितात. आधी मीटर करायचे, ०.२ मीटर, मग शक्ती ५ डायॉप्टर.

तपासताना चुकीसमोर एक खूण कर. आठवलंच नाही तर ‘आ’, आठवलं पण हात चुकला तर ‘हा’, समजलंच नव्हतं तर ‘स’. ‘स’ वाली गोष्ट कितीही रिव्हिजन केली तरी सुटत नाही, ती दुसऱ्या दिवशी सरांना विचारूनच पुढे जायचं.

पुस्तक बंद करून लिहिण्यावर मी एवढा जोर देते त्यामागे नुसता माझा अनुभव नाही. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, काहींनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझ्या बाबतीत तेच होतंय, वाचून झाल्यावर लगेच सगळं येतं आणि टेस्टच्या दिवशी गायब.

तिसरी फेरी साधारण आठवड्याने, २५ मिनिटं. फक्त लाल खुणा, बाकी धडा उघडायचा पण नाही. इथे घड्याळ समोर ठेव. पेपर ४० मार्कांचा आणि दोन तासांचा, म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं, तीन मार्कांचं गणित वाचून-लिहून-तपासून नऊ मिनिटांत बसलं पाहिजे. ‘हा’ खुणेच्या चुकीसाठी तेच गणित परत करू नकोस, उत्तर लक्षात असतं. आकडे बदल, तेच २० सेमीचं भिंग घे आणि वस्तू १० सेमीवर ठेव. v = -20 येईल, विशालन +2, म्हणजे प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, सुलटी आणि आभासी. उणे चिन्ह बघून तू गडबडलास आणि ते खोडून टाकलंस तर ती चूक अजून गेली नाही असं समज, आणि दोन दिवसांनी पाच मिनिटं फक्त तेवढंच परत कर.

हे आकडे या धड्याचे आहेत हं. ‘अवकाश मोहिमा’ला आकृत्या-गणितं कमी, तिथे दुसरी फेरी ४५ मिनिटांत होते. आणि जो धडा वर्गात झालेलाच नाही त्याला हे लावू नकोस, तो आधी नीट शिकून घे, पहिली फेरी त्यानंतर.