रिपोर्टमधला ‘होता’ जपून वापर

अरे पोरा,

तुझा नाइट शिफ्टचा ॲसिड लीकेजचा रिपोर्ट वाचला. सगळं खरं लिहिलंयस पण एका वाक्यावर मी अडकलो, "मेकॅनिकने गास्केट बदललं होतं." कधी बदललं होतं रे? लीकेजच्या आधी का नंतर? आधी बदललं असेल तर नवीन गास्केट कसं काय गळलं हे बघावं लागेल, म्हणजे चुकीचं मटेरियल आलं का, बोल्ट नीट आवळले का, आणि नंतर बदललं असेल तर ती नुसती दुरुस्ती झाली. एका ‘होतं’मुळे चौकशी भलत्याच माणसाकडे जाऊ शकते बघ.

आपण बोलताना सवयीने सगळीकडे होता-होती लावतो, "गेलो होतो, सांगितलं होतं", समोरचा समजून घेतो. कागद वाचणारा तिथे नसतो. म्हणून घटना जशी घडत गेली तशी साध्या भूतकाळात लिही, गेलो, बघितलं, बंद केला. ‘बदललं होतं’ हे रूप फक्त त्या घटनेच्या आधीच होऊन गेलेल्या गोष्टीसाठी ठेव. ‘गळत होतं’ मात्र चालेल, कारण तू पोचलास तेव्हा गळणं चालूच होतं.

दुसरं म्हणजे तू मधेच लिहिलंस "ऑपरेटर व्हॉल्व बंद करतो". गप्पांमध्ये असं सांगतात, पण रिपोर्टमध्ये ते वाचून वाटतं की हा रोजच बंद करतो. आणि "ॲसिड सांडलेलं आहे" म्हणजे वाचणाऱ्यासाठी ते अजून तिथेच पडलंय, तुम्ही तर धुऊन काढलंत ना. ‘आहे’ फक्त सही करताना जे खरं असेल त्याला.

मी असं लिहिलं असतं, गास्केटच्या वेळा नुसत्या नमुन्याला धरल्यात:

"रात्री 2:40 ला मी राउंडला गेलो. पंपाच्या डिस्चार्ज फ्लँजमधून ॲसिड गळत होतं. ऑपरेटरने 2:43 ला पंप थांबवून व्हॉल्व बंद केला. हेल्परच्या उजव्या हातावर ॲसिड उडालं, त्याने सेफ्टी शॉवरखाली 15 मिनिटं हात धुतला. तो म्हणाला की जळजळ होतेय. मेकॅनिकने 4:10 ला गास्केट बदललं. हेच गास्केट आदल्या दिवशी जनरल शिफ्टमध्येही बदललं होतं. आत्ता 5:30 ला स्टँडबाय पंप चालू आहे."

‘होतेय’ ला हात लावायचा नाही हां, ते त्याचं बोलणं आहे, मराठीत ‘की’ नंतर माणूस जे बोलला तोच काळ राहतो. आणि ‘ऑपरेटरने’, ‘मेकॅनिकने’ गाळू नकोस, कारण "व्हॉल्व बंद केला" यातलं ‘केला’ व्हॉल्वप्रमाणे चालतं, कोणी केला ते क्रियापदावरून कळतच नाही.

इंग्रजी कॉपी करताना पण हेच बघ, आपला ‘होता’ तिकडे ‘हॅड’ होऊन प्रत्येक वाक्यात शिरतो. पाठवण्याआधी नुसत्या क्रियापदांवरून बोट फिरव, ‘गळत होतं’ सारखं चालू असलेलं सोडून जिथे ‘होता’ दिसेल तिथे विचार, कशाच्या आधी? उत्तर नसेल तर खोड. आजचा रिपोर्ट दुपारच्या आत सुधारून दे, गास्केटची वेळ मेकॅनिकला विचारून टाक, अंदाजाने नको.

तुझा,
जुना शिफ्ट इनचार्ज