कंपनीने औषध मोफत पुरवले असेल तर निधी व हितसंबंधांचे निवेदन कसे लिहावे?

प्रश्न: कंपनीने गोळ्या आणि प्लासिबो फुकट दिले, पैसे दिले नाहीत. शोधनिबंधात ‘निधी नाही’ असे लिहिले तर चालेल का?

नाही, रोख रक्कम मिळाली नसली तरी औषधपुरवठा हे साहाय्यच आहे. आयसीएमजेई या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या प्रकटीकरण अर्जातील पहिल्याच प्रश्नात हस्तलिखितासाठी मिळालेल्या साहाय्यात निधीबरोबर अभ्याससाहित्याचाही स्पष्ट उल्लेख असून, त्याला कालमर्यादा नाही. मानधन, सल्लागारपद, प्रवासखर्च अशा इतर संबंधांसाठी मात्र मागील 36 महिने धरतात. निवेदन साधारण असे लिहावे: ‘अभ्यासाचा खर्च महाविद्यालयाने केला. सक्रिय औषध व प्लासिबो अमुक कंपनीने विनामूल्य पुरवले. अभ्यासाची आखणी, माहितीसंकलन, विश्लेषण, लेखन व प्रकाशनाचा निर्णय यांत कंपनीचा सहभाग नव्हता.’

हे शेवटचे वाक्य सवयीने चिकटवले जाते आणि चूक तिथेच होते. पुरवठा करारात प्रकाशनापूर्वी मसुदा कंपनीला दाखवण्याची अट असेल, तर ‘कंपनीने मसुदा पाहिला, अंतिम निर्णय लेखकांचा होता’ असे लिहावे, अर्थात तसे खरोखरच घडले असेल तर. एखाद्या लेखकाने त्याच कंपनीकडून व्याख्यानाचे मानधन घेतले असल्यास ते त्याच्या नावापुढे, हितसंबंधांच्या परिच्छेदात जाते. मांडणी व शीर्षके मात्र नियतकालिकागणिक बदलतात, म्हणून त्यांच्या लेखकसूचना आधी पाहाव्यात.