गल्लीतला काँक्रीट रस्ता: जॉइंट किती अंतरावर, जाडी किती आणि डॉवेल खरंच लागतात का

आमच्या गल्लीचं काँक्रीटीकरण मंजूर झालंय, १२० मीटर लांब, ३ मीटर रुंद, जाडी १५० मिमी. ठेकेदार म्हणतो प्रत्येक जॉइंटला डॉवेल बार टाकावे लागतील आणि त्याचे पैसे वेगळे. एका जॉइंटला किती बार धरायचे?
(ग्रामपंचायत सदस्य, सोलापूर जिल्हा)

शून्य. १५० मिमी जाडीत डॉवेल टाकायचेच नाहीत. कमी वाहतुकीच्या काँक्रीट रस्त्यांसाठी आयआरसी म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी ६२ हे मार्गदर्शक आहे, शाखा अभियंत्याला ते माहीत असतं, त्यात २०० मिमीपेक्षा पातळ स्लॅबला डॉवेल लागत नाहीत असंच धरलंय. कारण साधं आहे, डॉवेल म्हणजे जाड गुळगुळीत गोल सळई, ती स्लॅबच्या बरोबर मधे बसते आणि चाकाचा भार एका पॅनलवरून, म्हणजे दोन जॉइंटमधल्या तुकड्यावरून, दुसऱ्यावर नेते. पातळ स्लॅबमधे तिच्या वर-खाली काँक्रीटच इतकं कमी उरतं की भार आला की सळईभोवतीचं काँक्रीटच दबतं नाहीतर फुटतं.

मग भार जातो कसा? कटरने वरून कापलं की खालचं उरलेलं काँक्रीट आपोआप तडकतं आणि तो तडा खडीला वळसे घालत वेडावाकडा जातो, दोन्ही बाजूंची खडी एकमेकांत अडकून राहते, गावातल्या वाहतुकीला तेवढं पुरतं. फक्त पॅनल छोटे पाहिजेत, कारण पॅनल जितका लांब तितका तो जास्त आकसतो, तडा रुंद होतो आणि खडीची पकड सुटते.

तरी ठेकेदाराचं बिल तपासता यावं म्हणून गणित सांगतो. समजा स्लॅब २०० मिमीचा असता तर २५ मिमी व्यासाची, ३६० मिमी लांबीची सळई दर ३०० मिमीवर लागली असती. ३ मीटर रुंदीत पहिली सळई कडेपासून १५० मिमी आत धरली तर एका जॉइंटला १० सळया होतात. ३ मीटरचे पॅनल धरले तर १२० मीटरमधे ४० पॅनल आणि ३९ जॉइंट, म्हणजे ३९० सळया, एका सळईचं वजन साधारण १.४ किलो, सगळं मिळून ५४० किलोच्या आसपास लोखंड. हे पैसे तुमच्या १५० मिमीच्या रस्त्यात पुरायचं काही कारण नाही, खालच्या खडीच्या थरावर आणि वेळेवर कटर आणण्यावर घाला.

एक अजून. कुणी हौसेने १२ मिमीची टीएमटी सळई कापून जॉइंटमधे बसवत असेल तर लगेच थांबवा. तिला धारा असतात, ती दोन्ही पॅनल घट्ट धरून ठेवते, काँक्रीटला आकसायचं असतं आणि जागा मिळत नाही, मग ते फूटभर अंतरावर स्वतःचा तडा पाडतं. असे रस्ते ओळखायला सोपे असतात, जॉइंट कापलेला एकीकडे आणि तडा त्याला समांतर दुसरीकडे.

रस्ता भरून आठ दिवसांनी कटर आला. तोवर चार-पाच ठिकाणी आडवे तडे गेले होते. ठेकेदार सिमेंट खराब आहे म्हणतो. आणि पॅनल ५ मीटरचे ठेवलेत, ते बरोबर आहे का?
(सातारा जिल्हा)

सिमेंटला बिचाऱ्याला का बदनाम करताय, आठ दिवस काँक्रीट थांबत नाही हो. पहिल्याच रात्री ते थंड होऊन आकसायला लागतं, खालची जमीन त्याला धरून ठेवते, आणि त्याची ताकद अजून तयारच झालेली नसते. आपण रेघ मारून दिली नाही तर ते आपली रेघ स्वतः मारतं, आणि ती सरळ नसते.

कटिंगची वेळ तासात मोजायची. कडक उन्हाळ्यात साधारण ६ ते ८ तास, थंडीत १२ ते १६ तास, पण घड्याळापेक्षा काँक्रीटकडे बघा, एक छोटी चीर मारून बघायची, कडेची खडी उपटून येत असेल तर अजून लवकर आहे, स्वच्छ कापलं गेलं तर लगेच सुरू करा. सकाळी भरलं तर संध्याकाळी आणि दुपारी भरलं तर रात्री कापायला लागतं, आणि कटरवाला रात्री येत नाही हीच खरी अडचण असते. म्हणून भरायच्या आधी कटर आणि त्याचं पेट्रोल साइटवर आहे का ते बघा, नसेल तर मिक्सर चालूच करू देऊ नका. माणूस एकच असेल तर आधी एक आड एक जॉइंट कापून घ्या, मग मधले. खोली जाडीच्या एक तृतीयांश, १५० मिमीला ५० मिमी, रुंदी ३ ते ५ मिमी. वरवरची बोटभर रेघ दिसायला छान दिसते पण तडा तिला ओळखत नाही.

५ मीटर जास्तच. एसपी ६२ मधे अडीच ते चार मीटर दिलंय. दिवसा स्लॅबचा वरचा भाग तापतो, खालचा थंड राहतो, रात्री उलटं होतं, त्यामुळे स्लॅब पापडासारखा वाकायला बघतो, त्यात त्याचं स्वतःचं वजन त्याला दाबून धरतं आणि त्यातून ताण येतो. लांबी वाढली की हा ताण वाढतो. ३ मीटर रुंद गल्लीला मी ३ मीटरच सांगतो, पॅनल चौकोनी राहतो. रुंदी कमी असेल तर लांबीही कमी करा, लांबी रुंदीच्या सव्वापट-दीडपटीच्या आत ठेवा. तुमच्या रस्त्याला आता मधे, म्हणजे अडीच मीटरवर, कापून उपयोग मर्यादित आहे, कारण तडे गेले ते गेले, ज्या पॅनलमधे अजून तडा नाही तिथे कापा आणि गेलेल्या तड्यांत सीलंट भरून पाणी खाली जाऊ देऊ नका.

अंदाजपत्रकात १५ सेमी लिहिलंय. आम्ही मोजलं तर मधे १५ आणि कडेला ११ निघाले. ठेकेदार म्हणतो उतार द्यायला तसंच करतात.
(नांदेड जिल्हा)

उतार वरच्या पृष्ठभागाला पाहिजेच, साधारण २ टक्के, पण तोच उतार खालच्या थरालाही द्यायचा असतो म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहते. तुमच्याकडे खालचा थर सपाट ठेवून फक्त वर उतार दिलाय. ३ मीटरच्या रस्त्यात मधून कडेपर्यंत दीड मीटर, २ टक्के म्हणजे ३ सेमी, म्हणजे कडेला १२ उरतात, आणि अजून एक सेंटीमीटर खालचा मुरूम उंच राहिल्यामुळे गेला असणार.

हा चारच सेंटीमीटरचा फरक आहे असं समजू नका, कारण ताण जाडीच्या साधारण वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो. १५ च्या जागी ११ झाले तर त्याच चाकाखाली ताण १.८५ पटीच्या आसपास जातो, आणि कडा हा स्लॅबचा आधीच सगळ्यात कमजोर भाग. गल्लीत उसाची ट्रॉली कडेने वळली की तिथेच कोपरा तुटतो. शिवाय रस्ता १२० मीटर लांब आणि सरासरी जाडी १३ धरली तर ५४ घनमीटरच्या जागी ४७ च्या आसपासच काँक्रीट पडलंय, एमबीवर म्हणजे मोजमाप पुस्तकात मात्र ५४ च लिहिलेलं असतं.

हे भरायच्या आधी बघायचं असतं. काँक्रीट अडवायचे दोन्ही बाजूचे लोखंडी चॅनल लावून झाले की चॅनलच्या माथ्यावर आडवी दोरी ताणा, मधे फुगा असेल तर तेवढी दोरी उचलून धरा, आणि खालच्या थरापर्यंत टेपने मोजा, कडेला, मधे आणि परत कडेला. कुठेही १५ सेमीपेक्षा कमी आलं की मुरूम खरवडायला लावा. हे पाच मिनिटांचं काम आहे पण गावातल्या दोन माणसांनी समोर उभं राहून केलं पाहिजे. भरल्यावर मोजायचं तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, कापून काढावा लागतो, त्यावर मग वादच जास्त होतो.

आमच्याकडे कटर मिळतच नाही. मिस्त्री एक आड एक पॅनल भरतो आणि दोन दिवसांनी मधले भरतो. मग जॉइंट कापायची गरज नाही ना? डॉवेलही नको ना?
(चंद्रपूर जिल्हा)

कापायची गरज नाही बरोबर, कारण जॉइंट आपोआप तयार झाला. पण हा जॉइंट कापलेल्या जॉइंटसारखा नाही. चॅनलला टेकलेली बाजू गुळगुळीत असते, खडी खडीत अडकलेली नसते, त्यामुळे एका पॅनलचा भार दुसऱ्यावर जातच नाही आणि प्रत्येक पॅनलची कड एकटी पडते. डॉवेल तरीही नाहीत, कारण पातळ स्लॅबची अडचण तीच आहे.

म्हणून अशा कामात खालचा थर नीट दाबलेला असणं जास्त महत्त्वाचं होतं. काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरून असं काम केलं तर पावसाळ्यात पाणी जॉइंटमधून आत जातं, माती मऊ होते आणि गाडी गेली की पॅनल हलतो, चिखल वर उडतो. रस्त्यावर जॉइंटभोवती मातीचे डाग दिसले की समजायचं खाली पोकळी व्हायला लागलीये.

दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. सलग भरा, आणि ओल्या काँक्रीटमधे दर ३ मीटरवर ५० मिमी उंचीची प्लास्टिकची पट्टी सरळ खाली घाला, वरचा काठ पृष्ठभागाशी बरोबर ठेवून, मग बाजूचं काँक्रीट हाताने बसवा. खालचा भाग नंतर तिथेच तडकतो आणि खडीची पकड मिळते. पट्टी तिरकी झाली की कोपरा उडतो, म्हणून ती घालताना दोन्ही टोकाला माणूस धरा आणि नंतर तिच्याजवळ व्हायब्रेटर नेऊ नका. दिवसाचं काम संपेल तिथे मात्र चॅनल लावून थांबायचंच, आणि तेही ठरलेल्या जॉइंटवर, पॅनलच्या मधे कुठेही नाही.

आमच्या अंदाजपत्रकात दर २० मीटरला एक्स्पान्शन जॉइंट आहे. आणि गल्लीत मधेच ड्रेनेजचा चेंबर आहे, त्याच्या कोपऱ्यातून तडा जातो.
(पुणे जिल्हा)

२० मीटरला नको, काढून टाका, ते कुणीतरी जुन्या अंदाजपत्रकातून उचललंय. प्रसरणाची जागा फक्त रस्ता एखाद्या पक्क्या वस्तूला टेकतो तिथे ठेवा, मोरी, घराचा जोता, विहिरीचा कठडा, २० मिमीचा फिलर बोर्ड घालून. बाकीच्या ठिकाणी रुंद जॉइंट ठेवले तर त्यात माती भरते आणि कडा फुटतात.

चेंबरचं उत्तर आखणीत आहे. खडूने जॉइंट मारताना आधी चेंबर कुठे येतो ते बघा आणि दोन जॉइंटमधलं अंतर थोडं कमी-जास्त करून एक जॉइंट चेंबरमधूनच जाऊ द्या, म्हणजे तडा जायची जागा जॉइंटलाच मिळते. अडीच मीटर आणि पावणेतीन मीटर असे पॅनल झाले तरी चालतात. चेंबर पॅनलच्या पोटात ठेवला की त्याच्या चारही कोपऱ्यातून तडे निघणारच, सळई टाकून ते थांबत नाहीत, फक्त बारीक राहतात. चेंबरभोवती थोडी जागा सोडून फिलर घाला, नाहीतर चेंबर आणि स्लॅब एकमेकांना ओढतात. पाण्याची नवीन पाइपलाइन यायची असेल तर आत्ताच दर काही घरांमागे एक मोठा पाइप आडवा टाकून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी हेच पॅनल ब्रेकरने फोडतील, आणि परत भरताना तिथे ना जॉइंट येतो ना जाडी.