निलंबनात अडकलेला पगार: दोषमुक्त झाल्यावर आधी कोणता आदेश मागायचा

प्रश्न: "नाशिकला राज्य शासनाच्या कार्यालयात लिपिक आहे, मूळ वेतन ४०,०००. विभागीय चौकशीत १४ महिने निलंबित होतो, सगळे महिने निम्म्यावरच काढले. आता एकही दोषारोप सिद्ध झाला नाही, कामावर रुजूही झालो. पण आस्थापना शाखा म्हणते, 'निलंबन कालावधीचं नंतर बघू.' राहिलेला पगार मिळणार की गेला?"

मी नाशिकमध्येच आस्थापना शाखेत बरीच वर्षं काढून निवृत्त झालो. पगार गेलेला नाही. पण दोषमुक्त झालात म्हणून तो आपोआप देयकात येणार नाही, आणि "नंतर बघू" या दोन शब्दांत अनेकांची वर्षं जातात.

तुम्हाला लागू आहेत ते महाराष्ट्र नागरी सेवा (पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा आणि निलंबन, बडतर्फी व सेवेतून काढून टाकणे यांच्या काळातील प्रदाने) नियम, १९८१. नाव लांबलचक आहे, पण तुमचं काम दोन नियमांत आटोपतं. निर्वाह भत्त्यासाठी नियम ६८ आणि पुनःस्थापनेनंतरच्या पगारासाठी नियम ७२.

आधी "निम्म्यावर काढले" हे तपासू. निर्वाह भत्ता म्हणजे अर्धवेतनी रजेवर असता तर जेवढं रजावेतन मिळालं असतं तेवढी रक्कम, आणि त्या रकमेवरचा महागाई भत्ता. घरभाडे भत्ता मात्र निम्मा होत नाही. निलंबनाच्या दिवशी जे वेतन होतं त्यावरच तो, त्याच्या अटी पाळून, चालू राहतो. तुमच्या आकड्यांवर मांडतो. सोयीसाठी महागाई भत्ता सगळा काळ ५० टक्के आणि घरभाडे ८,००० धरतो. एरवीचा पगार ४०,००० अधिक २०,००० अधिक ८,०००, म्हणजे ६८,०००. निर्वाह भत्ता २०,००० अधिक १०,००० अधिक ८,०००, म्हणजे ३८,०००. तुमच्या देयकात घरभाडंही निम्मं झालेलं दिसलं तर ती पहिली चूक.

दुसरी चूक मला जास्त खटकते. पहिल्या तीन महिन्यांनंतर निर्वाह भत्त्याचा आढावा घ्यायचा असतो. लांबण तुमच्यामुळे थेट झालेली नसेल तर सक्षम प्राधिकारी त्या २०,००० मध्ये निम्म्यापर्यंत वाढ करू शकतात, म्हणजे ते ३०,००० होतात. त्यावर महागाई १५,००० आणि घरभाडे ८,००० धरून महिन्याला ५३,०००. लोक याला "पंचाहत्तर टक्के" म्हणतात ते यामुळे. चौकशी तुमच्यामुळेच रेंगाळली असेल तर याच नियमाने भत्ता निम्म्यापर्यंत कमीही होतो. पण वाढ असो की घट, त्याला आदेश लागतो, आणि टिपणी कुणी मांडलीच नाही तर माणूस चौदाव्या महिन्यालाही ३८,००० वरच असतो. तुमचं हेच झालेलं दिसतं. चौथ्या महिन्यात तुम्ही आढाव्याचा अर्ज दिला होता का, आणि त्याची आवक क्रमांक घातलेली पोच आहे का, ते आज शोधा. ती पुढे लागणार आहे.

आता मुख्य गोष्ट, नियम ७२. तुम्हाला कामावर घेताना सक्षम प्राधिकाऱ्याने दोन गोष्टींवर स्पष्ट आदेश द्यायचा असतो: निलंबन काळासाठी किती वेतन व भत्ते द्यायचे, आणि तो काळ कर्तव्यकाळ धरायचा की नाही. तुमच्या पुनःस्थापना आदेशात बहुधा शेवटी "निलंबन कालावधीबाबत स्वतंत्र आदेश काढण्यात येतील" अशी ओळ असेल. तो स्वतंत्र आदेश निघेपर्यंत आहरण व संवितरण अधिकारी फरकाचं देयक करूच शकत नाहीत. म्हणून पगाराच्या टेबलाशी भांडू नका. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायला हवा.

त्या अर्जात "थकीत पगार मिळावा" एवढंच लिहू नका. निलंबन सर्वस्वी असमर्थनीय होतं असं प्राधिकाऱ्याचं मत झालं, तरच पूर्ण वेतन मिळतं आणि तो काळ आपसूक कर्तव्यकाळ ठरतो. तेव्हा हेच मत नोंदवण्याची मागणी करा. चौकशी अहवालातला प्रत्येक दोषारोपापुढचा "सिद्ध होत नाही" हा निष्कर्ष त्यात उतरवा आणि तुम्ही एकही तारीख विनाकारण मागितली नाही हे सुनावणीच्या रोजनाम्यावरून दाखवा. रोजनामा एवढ्यासाठी, की लांबण थेट तुमच्यामुळे झाली असं ठरलं तर तेवढ्या काळापुरती रक्कम कापता येते, अर्थात तुम्हाला म्हणणं मांडायची संधी देऊन आणि कारणं लेखी नोंदवून.

पूर्ण वेतन मंजूर झालं तर हिशेब सरळ आहे. ६८,००० गुणिले १४ म्हणजे ९,५२,०००. त्यातून मिळालेले ५,३२,००० वजा केले की ४,२०,००० येणे. शिवाय काळ कर्तव्यकाळ धरल्यामुळे राहिलेली वेतनवाढ तिच्या मूळ तारखेपासून मिळते आणि तिचा फरक वेगळा. मंजुरीनंतर ही नोंद सेवापुस्तकात झाली का ते स्वतः डोळ्यांनी पाहा. माझ्या हाताखालून गेलेल्या एका प्रकरणात फरक मिळाला होता, पण सेवापुस्तकाच्या पानावर "निलंबित" एवढंच राहिलं होतं. निवृत्तिवेतनाच्या वेळी त्या गृहस्थांना ती एक ओळ बदलून घ्यायला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

प्राधिकाऱ्याला पूर्ण वेतन द्यायचं नसेल तरी परस्पर आकडा ठरवता येत नाही. किती द्यायचं योजलं आहे ते नोटिशीने कळवावं लागतं. तुमच्या निवेदनाची मुदत नोटिशीत असते, ती ६० दिवसांपेक्षा जास्त नसते, आणि ती चुकवू नका. इथेच मघाची आढाव्याची पोच कामी येते. ठरणारी रक्कम नियम ६८ खाली अनुज्ञेय भत्त्यापेक्षा कमी असू शकत नाही, आणि ११ महिने ५३,००० च्या हिशेबाने आढावा मागितला होता हे तुम्ही दाखवू शकता. या वाटेने गेलात तर काळ कर्तव्यकाळ धरायचा की नाही हेही आदेशात वेगळं लिहून घ्यावं लागतं. तसं लिहिलं नाही तर तो धरला जात नाही. मग तुमच्या विनंतीवरून तो देय रजेत बदलता येतो, पण ही शेवटची वाट समजा.

हे वाचणाऱ्या ज्यांचं प्रकरण फौजदारी आहे त्यांच्यासाठी: कोर्टातून सुटलो म्हणजे पूर्ण पगार, असं नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच कृष्णकांत बिभवणेकर प्रकरणात याच नियम ७२ वर तसं सांगितलं आहे. प्रश्नकर्त्यांचं प्रकरण त्यापेक्षा मजबूत आहे, कारण त्यांना खात्यानेच निर्दोष ठरवलं.

एक कागद आणखी जोडा. निलंबनात दर महिन्याला "कोणतीही नोकरी, धंदा वा व्यवसाय केला नाही" असं प्रमाणपत्र दिलं असेल, त्या सगळ्या प्रती. एखाद्या महिन्याचं राहिलं असेल आणि त्यामुळे तो महिना कोरा गेला असेल तर ते आता द्या.

अर्ज आवक टेबलावर द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. उत्तर नाही आलं किंवा चुकीचा आदेश निघाला, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येतं. नाशिकची प्रकरणं मुंबईला चालतात. मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. निवेदनावर सहा महिने काहीच निर्णय झाला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. नुसती स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने ही मुदत पुढे सरकत नाही, म्हणून पहिल्या अर्जाची तारीख वहीत लाल शाईने लिहून ठेवा.