मुद्दा वर आहे की गाडला गेलाय?

मोबाइलवरचा तुमचा निबंध वाचला. 'आजच्या धावपळीच्या युगात मोबाइल ही गरज बनली आहे' हे पहिलं वाक्य मोबाइलवरच्या कुठल्याही निबंधाला चिकटेल, म्हणून ते काढा. पाठोपाठची व्याख्याही काढा. मोबाइल म्हणजे काय हे तपासणाऱ्याला ठाऊक असतं.

खरा मुद्दा मला थेट शेवटच्या परिच्छेदात सापडला: 'वर्गात मोबाइलबंदी केली की मुलं तो लपवून वापरतात, आणि शिक्षकांच्या हातात काहीच उरत नाही.' असं बऱ्याच जणांचं होतं, कारण लिहिता लिहिताच आपलं मत आपल्याला कळतं. (माझं अजूनही होतं.) हे वाक्य उचलून पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी आणा. त्याआधी एकच दृश्य पुरे: बाकाखाली उजळलेली स्क्रीन आणि फळ्याकडे लागलेला साळसूद चेहरा. दृश्य मुद्द्याकडेच नेणारं हवं. नुसतं चटकदार असेल तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

मग दोन तपासण्या:

- मित्राला फक्त हा परिच्छेद वाचायला द्या, कागद परत घ्या आणि विचारा, 'माझं म्हणणं काय?' 'मोबाइलबद्दल काहीतरी' असं उत्तर आलं, तर विषय पोचला, मुद्दा नाही.
- तुमच्या मुद्द्यावर 'मला नाही पटत' असं कुणी म्हणू शकतं का? नसेल, तर ती नुसती माहिती आहे.