हॉटप्लेटची कॉइल अर्धी लाल, अर्धी काळी: खाचेतली बैठक आणि टर्मिनलची तपासणी

प्रश्न: माझ्याकडे २००० वॅटची उघड्या कॉइलची इलेक्ट्रिक शेगडी आहे. जुनी कॉइल तुटल्यामुळे बाजारातून नवी आणून घरीच बसवली. आता काही वळणे लालभडक होतात, मधले एक वळण पूर्ण काळे राहते, आणि कधीकधी शेगडी अजिबातच तापत नाही. वायर हलवली की पुन्हा सुरू होते. कॉइल खराब निघाली आहे का?

उत्तर:

कॉइल खराब निघाली असण्याची शक्यता कमी आहे. तुमच्या वर्णनात दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. एक वळण काळे राहणे हा कॉइलच्या बैठकीचा दोष आहे, आणि वायर हलवल्यावर शेगडी सुरू होणे हा टर्मिनलचा किंवा वायरचा. पुढचे काहीही करण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून पूर्ण काढून ठेवा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेले असेल तर ते बंद असतानाही उघड्या कॉइलवर फेज असतो. चिनी मातीची थाळी उष्णता बराच वेळ धरून ठेवते, त्यामुळे ती हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबावे.

आधी काळ्या वळणाकडे पाहू. कॉइल ही एकच सलग तार असल्यामुळे तिच्या सर्व भागांतून सारखाच प्रवाह जायला हवा. त्यामुळे तार मध्ये कुठे तुटली असती तर एक वळण नव्हे, सगळी शेगडी थंड राहिली असती. शेजारची वळणे लाल असताना एकच वळण काळे आहे, याचा अर्थ प्रवाहाला त्या वळणाला वगळून जाणारी जवळची वाट मिळाली आहे. बहुतेक वेळा कॉइल खाचेतून उचकटून मधल्या कडेवर चढलेली असते आणि शेजारच्या खाचेतल्या कॉइलला टेकलेली असते. थाळीची कड जिथे टवका उडून खाली गेली आहे तिथे हे हमखास घडते. चांगल्या उजेडात थाळी तिरपी धरून पाहिल्यास तो स्पर्श सहसा डोळ्यांना दिसतो.

हा दोष केवळ कमी उष्णतेचा नाही, म्हणून तो तसाच चालवून घेऊ नये. २००० वॅटची कॉइल २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेते आणि तिचा रोध तापलेल्या अवस्थेत सुमारे २६ ओहम असतो. कॉइलची तार ज्या मिश्रधातूची असते त्या निक्रोमचा रोध तापल्यावर थोडासाच वाढत असल्याने गार कॉइल मल्टीमीटरवर २५ ओहमच्या आसपास दिसायला हवी. समजा, तुमच्या शेगडीवर १९ ओहम दिसले. म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश तार प्रवाहाच्या वाटेतून बाहेर पडली आहे. उरलेल्या तारेतून मग सुमारे सव्वाअकरा अँपिअर प्रवाह जातो, शेगडी २००० ऐवजी २६०० वॅटच्या आसपास वीज ओढते, आणि तारेच्या प्रत्येक सेंटिमीटरवर पूर्वीपेक्षा पावणेदोन पट भार पडतो. ‘लालभडक’ दिसणारी वळणे त्यामुळेच तशी दिसतात. ती निरोगी नाहीत, जास्त तापत आहेत, आणि कॉइल पुढे तिथेच तुटते.

मोजमापाबाबत एक मर्यादा ध्यानात ठेवा. तापलेल्या निक्रोमवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, आणि मल्टीमीटरचा विद्युतदाब इतका कमी असतो की त्या थरामुळे प्रत्यक्षात टेकलेली वळणेही मीटरवर सुटी दिसू शकतात. शिवाय कॉइल तापून फुगल्यावरच होणारा स्पर्श गार अवस्थेत सापडत नाही. म्हणून मीटरवर २५ ओहम आले तरी डोळ्यांनी दिसलेल्या पुराव्यावरच अधिक विश्वास ठेवावा. भांडे ठेवल्यावरच वळण काळे पडत असेल तर कॉइल खाचेच्या वर आली आहे आणि भांड्याचा तळ दोन वळणांना जोडत आहे. ही यातली सर्वांत धोकादायक अवस्था होय, कारण तेव्हा भांड्यातच वीज उतरलेली असते. अशी शेगडी दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

कॉइल खाचेतून वर का येते, याचे उत्तर ती बसवताना केलेल्या ताणण्यात असते. बाजारात मिळणारी कॉइल आखूड, घट्ट गुंडाळलेल्या स्प्रिंगसारखी असते आणि ती ताणून खाचेच्या लांबीची करावी लागते. बहुतेक जण अंदाजाने ओढतात. ती जास्त ताणली जाते, मग उरलेली लांबी कोपऱ्यांत दाबून बसवली जाते, आणि तापल्यावर नेमकी तिथेच ती फुगून वर येते. याउलट एक टोक धरून झटक्याने ओढल्यास काही वेढे विरळ होतात आणि काही दाटच राहतात. दाट वेढ्यांच्या जागी थोड्याशा अंतरात जास्त तार असल्यामुळे तिथे प्रखर लाली दिसते आणि विरळ भाग मंद राहतो. ठिपक्याठिपक्यांनी दिसणाऱ्या असमान लालीचे कारण हे असते, तर सबंध वळण काळे राहण्याचे कारण वर सांगितलेला स्पर्श. एकदा जास्त ताणलेली कॉइल दाबून पूर्ववत करण्याच्या मी विरोधात आहे. ती कधीच सारखी दबत नाही.

योग्य पद्धत अशी. एक सुतळी खाचेत सुरुवातीच्या छिद्रापासून शेवटच्या छिद्रापर्यंत बसवा आणि तिची लांबी मोजा. नव्या कॉइलची दोन्ही टोके दोन हातांत धरून ती सावकाश, सारख्या जोराने ताणा आणि सोडा. सोडल्यावर ती थोडी परत आखडते, आणि आखडल्यानंतरची लांबी सुतळीपेक्षा किंचित कमीच हवी, म्हणजे खाचेत ती हलक्या ताणावर, तळाला धरून बसते. दोन वेढ्यांमध्ये निदान तारेच्या जाडीइतकी फट सर्वत्र दिसली पाहिजे. नंतर कॉइलचा मध्य खाचेच्या मध्यावर ठेवून दोन्ही बाजूंना बसवत जा, म्हणजे चूक एका टोकाला साचत नाही. बसवून झाल्यावर थाळीवर एक सरळ पट्टी आडवी ठेवून सर्व दिशांनी फिरवा. ती कुठेही कॉइलला लागता कामा नये.

तुमची कॉइल काही दिवस वापरलेली असल्यामुळे तिला हात लावताना जपावे लागेल. लाल होऊन गार झालेले निक्रोम ठिसूळ होते, आणि जी तार नवी असताना सहज वाकते तीच आता चिमट्यात मोडू शकते. वर आलेला भाग लाकडी काडीने हळूच खाचेत लोटून पाहावा. तो बसत नसेल किंवा पुन्हा वर येत असेल तर नवी कॉइल घेणेच बरे. तुटलेली टोके एकमेकांना पिळून जोडण्याची पद्धत गावोगाव दिसते, पण तो पीळ नीट भिडत नाही, तिथेच जास्त तापतो आणि पुन्हा तुटतो. थाळीची कड फार झिजली असेल तर नव्या कॉइलनेही प्रश्न सुटणार नाही, थाळीच बदलावी लागेल.

आता अधूनमधून थंड राहण्याकडे वळू. सर्वप्रथम सॉकेट निर्दोष आहे याची खात्री त्यावर इस्त्री लावून करा. मोबाइलचा चार्जर लावून काहीही सिद्ध होत नाही, कारण त्याला लागणारा अत्यल्प प्रवाह खराब संपर्कातूनही सहज जातो. सॉकेट १६ अँपिअरचेच हवे. ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर ही शेगडी चालवत असाल तर दोष तिथेही असू शकतो.

त्यानंतर शेगडी उलटी करून खालचे झाकण उघडा. कॉइलची दोन्ही टोके छिद्रांतून खाली येऊन पितळी स्क्रूवर नट-वॉशरने आवळलेली दिसतील. इथे वॉशर किंवा नट काळवंडलेला, निळसर झालेला, किंवा वायरचे आवरण वितळून मागे सरलेले दिसले की दोष सापडला. सैल जोडावर जेमतेम १ ओहम रोध निर्माण झाला, तरी ८.७ अँपिअरला त्या एका स्क्रूवर सुमारे ७५ वॅट उष्णता तयार होते; एका मोठ्या पिवळ्या बल्बची सगळी उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडली जावी तसे हे आहे. तिने तांबे काळे पडते, काळ्या तांब्यामुळे रोध वाढतो, आणि दोष स्वतःच स्वतःला वाढवत जातो.

जोड खोलून वायरचे काळे पडलेले टोक कापून टाका आणि चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे या. पितळी स्क्रू पॉलिश पेपरने घासा, आणि जळके वॉशर घासत न बसता बदलून टाका. कॉइलचे टोक स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळवावे, म्हणजे नट आवळताना ते आत ओढले जाते. उलट वळवल्यास बाहेर सरकते. कॉइलचे टोक आणि वायर यांच्यामध्ये एक वॉशर ठेवावा, वर स्प्रिंग वॉशर आणि मग नट घालावा. स्क्रू जागेवर फिरू नये म्हणून पक्कडीने धरून नट पक्का आवळा, परंतु चिनी मातीवर जोर देऊ नका. ती आवाज न करता तडकते. इथे सोल्डर चालत नाही, कारण तो या तापमानाला वितळतो, आणि चिकटपट्टीही चालत नाही. कॉइलच्या खालच्या टोकांवर चिनी मातीचे मणी ओवलेले असले पाहिजेत, आणि टर्मिनलपर्यंत येणारी वायर उष्णता सोसणाऱ्या आवरणाची हवी. जुने मणी फेकून दिले असतील तर नवे आणा. त्यांच्याविना टोक लोखंडी पत्र्याला टेकते.

वायर हलवल्यावर शेगडी सुरू होते, म्हणून टर्मिनल स्वच्छ दिसले तर वायरच आतून तुटलेली समजावी. मीटर प्लगच्या दोन पिनांना लावून ठेवा आणि वायर प्लगपाशी व शेगडीत शिरते त्या जागी वाकवा. आकडा उड्या मारू लागला तर वायर बदला.

झाकण लावल्यावर तपासणीचा शेवटचा भाग चुकवू नका. प्लगच्या दोन्ही पिना आणि शेगडीचा पत्रा यांच्यामध्ये मीटरच्या सर्वांत मोठ्या पट्टीवरही जोड दिसता कामा नये. अर्थची पिन आणि पत्रा यांच्यामध्ये मात्र जवळजवळ शून्य ओहम हवेत. दूध उतू गेल्याने थाळी ओली झाली असेल तर पहिले मोजमाप फसवे येते, अशा वेळी ती उन्हात पूर्ण वाळवून पुन्हा मोजा. एवढे जमल्यावर भांडे न ठेवता शेगडी सुरू करा आणि दोनतीन मिनिटे खोलीचा दिवा बंद ठेवून पाहा. टोकांपाशी आणि बाहेरच्या वळणात लाली थोडी मंद असते, ते स्वाभाविक आहे, कारण तिथे उष्णता जास्त निसटते. सगळीच कॉइल सारखी पण मंद असेल तर घरातला दाब कमी आहे. १८० व्होल्टवर ही शेगडी जेमतेम ६१ टक्के उष्णता देते, आणि त्यासाठी कॉइलला हात लावण्याचे कारण नाही. बंद करून प्लग काढल्यावर त्याच्या पिनांना बोट लावून पाहा. त्या कोमट असतील तर ठीक, चटका बसत असेल तर अजून एक सैल जोड सॉकेटमध्ये शिल्लक आहे, आणि तो भिंतीतला असल्यामुळे वायरमनकडून करून घ्यावा.